एकाच तपासणीची दोन लिखाणे: शिकण्यासाठीचे आणि न्यायालयासाठीचे मनःस्थिती परीक्षण

मनोविकारशास्त्र विभागात रुजू झालेल्या निवासी डॉक्टरला पहिल्या काही महिन्यांतच मनःस्थिती परीक्षण, म्हणजे रोजच्या बोलण्यातले एमएसई, ठरलेल्या शीर्षकांखाली लिहायची सवय लागते. दिसणे व वागणे, बोलणे, मनोदशा, विचार, भास, बौद्धिक कार्ये, निर्णयशक्ती आणि आजाराची जाण या क्रमाने तो लिहितो, केस प्रेझेंटेशनमध्ये ते वाचून दाखवतो, आणि सर किंवा मॅडम त्याला मध्येच थांबवून एकेका शब्दाचा हिशेब मागतात. पुढे कधीतरी न्यायालयाच्या आदेशाने एखादा न्यायाधीन बंदी तपासणीसाठी येतो आणि तोच साचा जसाच्या तसा अहवालात उतरतो. शीर्षके तीच राहायला हरकत नाही, परंतु त्यांखालचे प्रत्येक वाक्य वेगळ्या पद्धतीने लिहावे लागते, आणि तो फरक नेमका कुठे व कसा करायचा हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

न्यायवैद्यकीय कामाचा आवाका मोठा आहे. मृत्युपत्र करण्याची क्षमता, घटस्फोटाचे दावे, नोकरीसाठीची योग्यता हे सगळे त्यात येते. येथे एकच प्रसंग घेतला आहे: फौजदारी खटल्यातील आरोपी आज स्वतःचा बचाव करण्यास समर्थ आहे काय, असे न्यायालयाने विचारले आहे. यासाठी वापरलेले उदाहरण रचलेले आहे, कोणा एका रुग्णाचे नाही.

उदाहरणातील व्यक्ती ३४ वर्षांचा पुरुष असून सातवीपर्यंत शिकलेला शेतमजूर आहे. शेजाऱ्याला काठीने मारहाण करून गंभीर दुखापत केल्याचा त्याच्यावर आरोप आहे. कारागृहात तो रात्रभर भिंतीशी बोलतो आणि वकील भेटायला आले की तोंड फिरवून बसतो, असे कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने कळवल्यावर न्यायालयाने त्याला निरीक्षणासाठी पाठवले आहे.

पहिली पायरी: आदेश वाचणे

शिकण्यासाठी लिहिलेल्या परीक्षणात प्रश्न आपणच ठरवतो, आणि तो जवळजवळ नेहमी निदानाचा असतो. हा स्किझोफ्रेनिया आहे की उन्मादाचा आजार, दारूमुळे झालेले आहे की मेंदूच्या विकारामुळे, हे ठरवण्यासाठी आपण सगळी शीर्षके भरतो आणि जितके अधिक सापडेल तितके लिहितो. न्यायालयासाठी प्रश्न दुसऱ्याने ठरवलेला असतो. म्हणून रुग्णाला भेटण्याआधी आदेशाची प्रत हातात घेऊन त्यातले प्रश्नाचे वाक्य शब्दशः उतरवून घ्यावे. आदेशात नुसते ‘मानसिक तपासणी करून अहवाल द्यावा’ एवढेच असेल, तर नेमका प्रश्न कोणता हे लेखी विचारून घ्यावे. हे पत्र पाठवायला विभागात बहुधा कोणी राजी नसते, पण त्यावाचून पुढचे काम अंदाजावर चालते.

प्रश्न नीट कळणे इतके महत्त्वाचे असण्याचे कारण काळाशी निगडित आहे. मनःस्थिती परीक्षण त्या दिवसाचे असते. आज आरोपी बचाव करू शकतो काय हा प्रश्न आजचाच आहे आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ व ३६८ खाली तो येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच कलमे ३२८ आणि ३२९ होती. उलट भारतीय न्याय संहितेचे कलम २२, म्हणजे पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम ८४, कृत्य करतानाच्या मनःस्थितीविषयी आहे. निर्णायक क्षण गुन्हा घडतेवेळचा असतो आणि त्या वेळची स्थिती आधीच्या, त्या वेळच्या व नंतरच्या परिस्थितीवरून ठरवायची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने दह्याभाई छगनभाई ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य या १९६४ च्या निकालात सांगितले आहे. आठ महिन्यांनंतर वॉर्डात केलेले परीक्षण त्या परिस्थितीतला फार तर एक धागा असू शकते. म्हणून बचावक्षमतेच्या अहवालात ‘घटनेच्या वेळीही रुग्ण भ्रमाच्या प्रभावाखाली असावा’ असे वाक्य सहज म्हणून घालू नये. ते कोणी विचारलेले नाही आणि आजच्या परीक्षणातून ते सिद्धही होत नाही.

दुसरी पायरी: तपासणीच्या आधी सांगायचे आणि टिपायचे

वर्गासाठीच्या परीक्षणात पहिली ओळ ‘मध्यम बांध्याचा, वयाला साजेसा दिसणारा पुरुष’ अशी असते. न्यायालयासाठी त्याच्या आधी बराच मजकूर यावा लागतो. आदेशाचा क्रमांक व तारीख, व्यक्तीला कोणी आणले त्या पोलीस शिपायाचे नाव व बक्कल नंबर, ओळखीच्या दोन खुणा, तपासणीचे ठिकाण, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, कोणत्या भाषेत संभाषण झाले, आणि खोलीत आणखी कोण होते, हे सर्व लिहावे. शिपाई दाराबाहेर उभा होता की आत, बेडी काढलेली होती की नाही, हेही नोंदवावे, कारण बेडी घातलेला माणूस कमी हालचाल करतो आणि पोलिसांसमोर कमी बोलतो. वर्गात आपण अशा माणसाविषयी ‘हालचाली मंदावलेल्या’ असे लिहून मोकळे होतो.

त्या दिवशीची औषधेही येथेच नोंदवावीत. आदल्या रात्री लोराझेपामचे इंजेक्शन दिलेले असेल तर सकाळी लक्ष कमी टिकणे हे आजाराचे लक्षण असेलच असे नाही. वर्गासाठीच्या कागदात ही माहिती उपचारपत्रकात असते आणि वाचणाऱ्या वरिष्ठांना ती ठाऊक असते. अहवाल मात्र एकटाच न्यायालयात जातो.

यानंतर व्यक्तीला तपासणीचा हेतू सांगणे येते. नेहमीच्या तपासणीत आपण ‘तुम्ही जे सांगाल ते आमच्यातच राहील’ असे म्हणतो. न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या तपासणीत असे आश्वासन देता येत नाही आणि देऊ नये. साध्या शब्दांत सांगावे: ‘मला कोर्टाने तुम्हाला तपासायला सांगितले आहे. आपले जे बोलणे होईल त्याचा अहवाल मी कोर्टाला देणार आहे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसेल तर तसे सांगा.’ आपण हेच शब्द वापरले हे लिहावे, आणि त्याला ते कितपत कळले हे पाहण्यासाठी ते त्याच्याच शब्दांत परत विचारून उत्तर टिपावे. उदाहरणातल्या माणसाने म्हटले, ‘तुम्ही कोर्टाला लिवून देणार. मी येडा हाय का न्हाई ते.’ एवढ्या एका वाक्यातून त्याला तपासणीचा हेतू समजला हे दिसते, आणि पुढे बचावक्षमतेविषयी लिहितानाही ते कामाला येते. शासकीय रुग्णालयात उपचार करणारा आणि अहवाल देणारा डॉक्टर बहुधा एकच असतो. ही अडचण टाळता येत नसेल तर दोन्ही भूमिका एकाच डॉक्टरकडे होत्या हे अहवालात उघड लिहावे.

तो बोलायलाच तयार नसेल तर ‘सहकार्य केले नाही’ असा शेरा पुरेसा नाही. कोणते प्रश्न विचारले, तो गप्प राहिला की ‘सांगणार नाही’ म्हणाला, आणि त्याच दिवशी परिचारिकेशी किंवा दुसऱ्या रुग्णाशी तो बोलला काय, हे लिहावे. मौन हा स्वतःहून आजाराचा पुरावा नव्हे आणि बतावणीचाही नव्हे.

तिसरी पायरी: पाहिलेले, ऐकलेले, कळलेले आणि काढलेले अनुमान वेगळे ठेवणे

दोन लिखाणांतला खरा भेद या पायरीवर आहे, आणि माझ्या मते बाकीच्या पायऱ्या चुकल्या तरी निभावते, ही चुकली तर निभावत नाही.

वर्गासाठीचे परीक्षण वाचणारा माणूस आपल्यापेक्षा अधिक जाणतो. त्याच्यासमोर आपण दाखवत असतो की लक्षण आपल्याला ओळखता आले. म्हणून तिथे लक्षणाचे नाव लिहिणे हेच काम असते. उदाहरणातल्या माणसाविषयी निवासी डॉक्टरने विचारांच्या शीर्षकाखाली असे लिहिले आहे:

‘छळाचा भ्रम उपस्थित. संदर्भाचा भ्रम उपस्थित. विचार घुसवले जाण्याचा अनुभव नाही. आत्महत्येचे विचार नाहीत.’

प्रेझेंटेशनसाठी हे ठीक आहे. सर विचारतील, ‘भ्रम कशावरून? नुसता संशय का नाही?’ आणि निवासी डॉक्टर तोंडी उत्तर देईल की पुरावा दाखवूनही त्याची खात्री हलली नाही, म्हणून भ्रम म्हटले. हे तोंडी उत्तर कागदावर नसते. न्यायालयासाठीच्या कागदात नेमके तेच उत्तर लिहावे लागते आणि लक्षणाचे नाव त्यानंतर येते. न्यायाधीश, सरकारी वकील आणि बचावाचे वकील यांना नावावरून काही ठरवता येत नाही. नाव कोणत्या बोलण्यावर बेतले आहे हे त्यांना तपासायचे असते. तोच मजकूर अहवालात असा येईल:

‘शेजाऱ्याविषयी विचारले असता ते म्हणाले, “भिंतीतनं करंट सोडतोय त्यो. रातीला जास्त. हितं पण आलाय.” रुग्णालय गावापासून दूर आहे, मग इथे करंट कसा येईल, असे विचारल्यावर ते म्हणाले, “तारंची गरज न्हाई त्याला.” कोणी तरी खोडी करत असेल किंवा आपल्याला तसे वाटत असेल, असे असू शकते काय, या प्रश्नाला त्यांनी “न्हाई. मला कळतंय ना अंगात” असे उत्तर दिले. वकिलांविषयी विचारले असता “वकील पण त्याचाच मानूस हाय. त्यो मला कागदावर सही करायला लावनार” असे म्हणाले. तीनही भेटींत या म्हणण्यात बदल झाला नाही. स्वतःला इजा करण्याचे विचार येतात काय, असे थेट विचारले असता त्यांनी नाही म्हटले.’

येथे काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. त्याचे शब्द त्याच्याच बोलीत अवतरणचिन्हांत ठेवले आहेत; प्रमाण मराठीत सुधारून घेतलेले वाक्य त्याचे राहत नाही. प्रश्न दिला आहे, कारण उत्तराचे वजन प्रश्नावर अवलंबून असते, आणि सूचक प्रश्नाने उत्तर पुरवले गेले नाही हे त्यातून दिसते. ‘आत्महत्येचे विचार नाहीत’ याऐवजी ‘विचारले असता नाही म्हटले’ असे लिहिले आहे, कारण पहिले वाक्य त्याच्या मनात काय आहे हे आपल्याला ठाऊक असल्याचा दावा करते. ज्याविषयी विचारलेच नाही ते ‘नाही’ म्हणून लिहिणे ही तर वर्गातही चूकच आहे, पण तिथे ती खपून जाते.

दुसऱ्याकडून कळलेले परीक्षणात मिसळू नये. ‘रात्री भिंतीशी बोलतो’ हे कारागृहाच्या पत्रातले आहे. आपण ते पाहिलेले नाही. ते अहवालात ‘प्राप्त माहिती’ या वेगळ्या भागात, पत्राच्या तारखेसह जावे. भास या शीर्षकाखाली आपण स्वतः जे पाहिले तेवढेच ठेवावे, उदाहरणार्थ, ‘संभाषणादरम्यान तीन वेळा बोलणे थांबवून भिंतीच्या दिशेने मान वळवली, काय ऐकू आले असे विचारल्यावर “काय न्हाई” म्हणाले.’ यावरून भास असावेत असा कयास करता येतो, पण तो मताच्या भागात, कयास म्हणूनच लिहावा.

वागण्याच्या वर्णनालाही हाच नियम लागू होतो. ‘भाव बोथट’ हे वर्गात दोन शब्दांत उरकते. अहवालात लिहावे, ‘पत्नीच्या आजारपणाविषयी आणि जेवणाविषयी बोलताना आवाजात व चेहऱ्यावर सारखाच, जवळजवळ न बदलणारा भाव होता, सुमारे पन्नास मिनिटांत एकदाही हसू किंवा डोळ्यांत पाणी दिसले नाही.’ वाचणाऱ्याने आपल्या नावाशी असहमत व्हायचे ठरवले, तरी वर्णनाशी त्याला असहमत होता येऊ नये.

चौथी पायरी: बौद्धिक चाचण्यांत उत्तरेच लिहिणे

वर्गासाठीच्या परीक्षणात ‘लक्ष वेधले जाते पण टिकत नाही, स्थळकाळाचे भान अंशतः बिघडलेले’ असा निष्कर्ष लिहिण्याची पद्धत आहे, आणि विचारल्यास आकडे वहीत सापडतात. न्यायालयासाठी आकडेच मुख्य असतात.

शंभरातून सात-सात वजा करत जाण्याची चाचणी सातवी शिकलेल्या, हिशेबाची सवय नसलेल्या माणसाला द्यावी काय, हा पहिला प्रश्न. आपल्याकडे वीसातून एक, चाळीसातून तीन आणि मग शंभरातून सात अशी चढती वजाबाकी देण्याची पद्धत आहे, ती वापरावी आणि कोणती दिली हे लिहावे. उदाहरणातल्या माणसाने चाळीसातून तीन वजा करताना ३७, ३४, ३१, २८, २६, २३ अशी उत्तरे दिली आणि पुढे ‘आता बास’ म्हणाला. हे असेच उतरवावे. एका ठिकाणी एकाने चुकून पुढची वजाबाकी बरोबर केलेली दिसते, आणि ‘लक्ष टिकत नाही’ या शेऱ्यातून हे कधीच कळले नसते.

तारखेचेही तसेच. त्याने वर्ष व महिना बरोबर सांगितला, तारीख चार दिवसांनी चुकली, वार सांगता आला नाही. बराकीत दिनदर्शिका नसलेल्या माणसाकडून ही चूक होणे साहजिक आहे, हे त्याच ओळीत लिहावे. नाही तर वाचणारा वकील ‘काळाचे भान बिघडलेले’ एवढेच उचलून त्यावर युक्तिवाद उभारतो.

म्हणींचा अर्थ विचारण्याची चाचणी शिकण्यासाठी फार उपयोगी आहे. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ याचा अर्थ सांगताना एखादा खरोखरच वाकड्या अंगणाविषयी बोलू लागला की मूर्त विचार म्हणजे काय हे विद्यार्थ्याला आयुष्यभर लक्षात राहते. न्यायालयासाठी मात्र ही चाचणी वापरलीच तर म्हण त्याच्या ऐकण्यातली आहे काय हे आधी विचारावे, उत्तर शब्दशः द्यावे आणि त्यावरून मोठा निष्कर्ष काढू नये. बचावक्षमतेशी तिचा संबंध दूरचा आहे आणि शिक्षणाचा परिणाम तिच्यावर मोठा असतो.

निर्णयशक्ती आणि आजाराची जाण या दोन शीर्षकांबाबत अधिक सावध राहावे लागते. ‘रस्त्यात तिकीट लावलेले पत्र सापडले तर काय कराल’ यासारख्या प्रश्नावरून ‘निर्णयशक्ती दोषपूर्ण’ असे लिहिले की वैद्यकीय कागदातला हा शेरा न्यायालयात बऱ्या-वाईटाची समज नसल्याच्या अर्थाने वाचला जाण्याचा धोका असतो. आजाराच्या जाणिवेला एक ते सहा अशी श्रेणी देण्याची आपली सवयही तिथे निरुपयोगी आहे. श्रेणी एक म्हणजे काय हे न्यायाधीशांना कोणी सांगायचे? त्याऐवजी ‘आपल्याला आजार नाही, औषधे फक्त झोपेसाठी आहेत असे ते म्हणाले, दिलेली औषधे मात्र न नाकारता घेतली’ असे लिहावे.

पाचवी पायरी: वर्गाच्या साच्यात नसलेला भाग जोडणे, आणि एक भाग वगळणे

नेहमीच्या साच्यात बचावक्षमतेचे प्रश्नच नसतात. ते स्वतंत्र शीर्षकाखाली विचारावेत: आरोप काय आहे, तो सिद्ध झाल्यास काय होऊ शकते, न्यायाधीश, सरकारी वकील व आपला वकील यांची कामे कोणती, वकिलाला काय सांगायचे, आणि न्यायालयात चाललेले बोलणे लक्ष देऊन ऐकता येईल काय. उदाहरणातल्या माणसाची उत्तरे अशी होती. आरोप: ‘मारल्याचा.’ परिणाम: ‘आत ठेवतील, वर्सं.’ न्यायाधीश: ‘निकाल देत्यात.’ सरकारी वकील: ‘मला आत ठेवा म्हनतो.’ आपला वकील: ‘मला सोडवायला असतो म्हनत्यात, पन ह्यो त्याचाच हाय.’ त्याला काही सांगाल काय: ‘कायबी सांगनार न्हाई. दुसरा दिला तरी त्याला पैसे पोचनार.’

न्यायालयाची माहिती त्याला आहे. अडचण नेमकी एका ठिकाणी आहे: भ्रम वकिलापर्यंत पसरला असल्यामुळे तो कोणत्याही वकिलाला माहिती देऊ शकत नाही. हे वाक्य अहवालाचा कणा आहे आणि ते ‘छळाचा भ्रम उपस्थित’ यातून निघाले नसते.

वगळायचा भाग घटनेच्या तपशिलाचा. वर्गासाठी आपण घटना त्याच्या तोंडून सविस्तर ऐकतो व लिहितो, कारण भ्रम आणि कृत्य यांचा संबंध समजून घेणे हाच तिथला धडा असतो. बचावक्षमतेच्या अहवालात त्याची गरज नाही. पोलीस कोठडीतील कबुलीजबाबाच्या वापरावर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ चे निर्बंध आहेत. पण डॉक्टरच्या अहवालातले एखादे वाक्य कुठे आणि कसे वापरले जाईल हे ठरवणे आपल्या हातात नसते. म्हणून ‘घटनेपूर्वीचा, घटनेचा व नंतरचा क्रम ते सुसंगतपणे सांगू शकतात’ एवढेच लिहावे आणि ‘मी दोनदा मारला’ यासारखी वाक्ये अहवालात आणू नयेत. प्रश्न घटनेच्या वेळच्या मनःस्थितीचा असेल तर मात्र हा भाग टाळता येत नाही, आणि तिथे त्याला आधी वकिलाशी बोलता आले होते काय याची नोंद हवी.

सहावी पायरी: एकापेक्षा अधिक भेटी आणि वॉर्डातल्या नोंदी

प्रेझेंटेशनसाठी एका बैठकीतले परीक्षण चालते. न्यायालयासाठी वेगवेगळ्या दिवशी, शक्य तर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी निदान दोन-तीन भेटी व्हाव्यात, कारण बतावणीचा प्रश्न कोणीतरी विचारणारच. त्यासाठी एखादी एकच खात्रीची चाचणी नाही. आपण पाहतो ते असे: तपासणीत आणि तपासणीबाहेर वागणे जुळते काय, लक्षणे ज्ञात आजाराच्या घडणीशी मेळ खातात काय, सोप्या प्रश्नांची उत्तरे बरोबर उत्तराला चाटून जाणारी येतात काय, आणि विचारेल त्या प्रत्येक लक्षणाला तो हो म्हणतो काय. उदाहरणातल्या माणसाने विचार घुसवले जातात काय, दूरदर्शनवरून आपल्याविषयी बोलतात काय, या प्रश्नांना नाही म्हटले. रात्रपाळीच्या परिचारिकेच्या नोंदीत त्याने पहाटे तीनच्या सुमारास खाट भिंतीपासून ओढून मधोमध आणल्याचे आहे. ही नोंद तारीख-वेळेसह अहवालात यावी, आणि ती परिचारिकेची आहे हेही लिहावे.

इथेच आपल्या रोजच्या एका वाईट सवयीचा फटका बसतो. वॉर्डातल्या कागदांवर ‘आयएसक्यू’, म्हणजे स्थिती पूर्ववत, असा शेरा दिवसेंदिवस उतरवला जातो. ज्या रात्री परिचारिकेने खाट ओढल्याची नोंद केली, त्याच सकाळी आपण ‘आयएसक्यू, झोप चांगली’ लिहिलेले असेल, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न तिथूनच येतो. न्यायालयाने पाठवलेल्या व्यक्तीच्या कागदावर हा शेरा वापरूच नये. दोनच ओळी लिहा, पण त्या दिवशी पाहिलेल्या लिहा.

सातवी पायरी: मत वेगळे लिहिणे

वर्गात परीक्षणानंतर निदानांची यादी येते आणि प्रत्येकाच्या बाजूचे व विरुद्धचे मुद्दे मांडले जातात. यादी जितकी विचारपूर्वक तितके कौतुक अधिक. अहवालात मताचा भाग परीक्षणापासून स्पष्टपणे वेगळा असावा आणि त्याची सुरुवात न्यायालयाच्या प्रश्नाने व्हावी. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे आजाराचे निर्धारण राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवर करायचे असते, म्हणून निदान आयसीडीच्या नावाने द्यावे. पण तिथे थांबू नये, आणि तिथून उडीही मारू नये. याच अधिनियमाच्या कलम ३ मध्ये म्हटले आहे की मानसिक आजार असल्याचे ठरले एवढ्यावरून ती व्यक्ती मनोविकल आहे असा अर्थ होत नाही. ते सक्षम न्यायालयाने घोषित करायचे असते. ‘मनोविकल’ हा शब्द डॉक्टरने आपल्या मतात वापरू नये. तसे विचारले असेल तर क्षमतेच्या भाषेत उत्तर द्यावे.

उदाहरणातल्या अहवालाचे मत असे लिहिता येईल: ‘तपासणीच्या तीनही दिवशी श्री. — यांना आरोपाचे स्वरूप, संभाव्य परिणाम आणि न्यायालयातील व्यक्तींची कामे समजत होती. शेजाऱ्याविषयीच्या, पुराव्यानेही न हलणाऱ्या विश्वासात त्यांचे वकीलही समाविष्ट असल्यामुळे सध्या ते वकिलांना बचावासाठी आवश्यक माहिती देऊ शकत नाहीत. लक्षणे स्किझोफ्रेनियाशी सुसंगत आहेत. हेतुपुरस्सर बतावणीची शक्यता विचारात घेतली. वॉर्डातील नोंदी व उत्तरांतील निवड पाहता ती कमी वाटते, पण पूर्णपणे वगळता येत नाही. या कारणांस्तव आजच्या स्थितीत ते स्वतःचा बचाव करण्यास समर्थ नाहीत असे माझे मत आहे. उपचाराने सुधारणा अपेक्षित असल्याने सहा आठवड्यांनी फेरतपासणी व्हावी.’

फेरतपासणीतला बदल मुद्दाम पाहण्यासारखा आहे. रिस्पेरिडोनवर सहा आठवडे झाल्यावर तो म्हणाला, ‘करंट येतोय आजून, कमी झालाय. वकील बरा मानूस हाय, मी त्याला समदं सांगितलं.’ वर्गासाठी लिहिणारा डॉक्टर येथे ‘छळाचा भ्रम उपस्थित, तीव्रता कमी’ असे लिहील, आणि निदानही तेच राहील. न्यायालयासाठीचे उत्तर मात्र बदलते: भ्रम शिल्लक असूनही तो आता बचाव करण्यास समर्थ आहे. शिल्लक भ्रम लपवू नये. तो लिहून, तरीही क्षमता का आहे हे सांगावे.

आठवी पायरी: कागद हातातून जाण्यापूर्वी

वर्गाची वही नीट दिसावी म्हणून आपण ती पुन्हा लिहून काढतो. न्यायवैद्यकीय कागद पुन्हा लिहून जुना फाडायचा नसतो. चूक एका रेघेने खोडावी, खालचे अक्षर वाचता यावे, बाजूला सही, तारीख व वेळ घालावी. मुलाखतीच्या वेळी घाईत लिहिलेली मूळ टिपणे जपून ठेवावीत. साक्षीच्या वेळी स्मरण ताजे करण्यासाठी ती लागू शकतात, आणि अहवाल व टिपणे यांत फरक असेल तर तोही विचारला जातो. प्रत्येक पानावर सही व ‘एकूण पानांपैकी कितवे’ हा क्रमांक असावा. निवासी डॉक्टरने तपासणी केली आणि वरिष्ठांनी सही केली असेल, तर कोणत्या भेटीत कोण उपस्थित होते हे स्पष्ट लिहावे, कारण साक्षीला बोलावले जाते ते सही करणाऱ्याला, आणि तिथे ‘माझ्या निवासी डॉक्टरने सांगितले’ असे म्हणून भागत नाही.

शेवटी मसुदा एकदा वकिलाच्या नजरेने वाचावा. प्रत्येक वाक्यापुढे ‘हे तुम्ही स्वतः पाहिले काय?’ असे मनात विचारावे. उत्तर हो असेल तर वाक्य परीक्षणात राहील, ‘त्यांनी सांगितले’ असेल तर अवतरणात जाईल, ‘दुसऱ्याने कळवले’ असेल तर प्राप्त माहितीत, आणि ‘मला तसे वाटते’ असेल तर कारणासह मताच्या भागात. यांपैकी कोठेच न बसणारी वाक्ये, उदाहरणार्थ ‘रुग्ण हुशार व चलाख वाटतो’, काढून टाकावीत.